हात लावण्याआधीची नोंद

"तुम्ही डॅडींना कधी थँक्यू म्हटलंय का हो?" ज्युलियाने विचारले, तेव्हा सहदेवच्या हातातल्या पिशवीतून कोलंबीचे पाणी ठिबकून त्याच्या चपलेवर पडत होते, आणि ते कळत असूनही पिशवी दूर धरावी असे त्याला सुचले नाही. बोरीवलीच्या मासळीबाजाराच्या तोंडाशी दोघे उभे होते. ज्युलिया ही हेन्री कोलासोंची थोरली मुलगी. एका बँकेत नोकरीला होती आणि गोराईच्या घरून रोज तरीने खाडी ओलांडून इकडे येत असे. तिचा प्रश्न तक्रारीचा नव्हता. एखाद्याला पत्ता विचारावा तसा तिने तो सहज विचारला होता. कोलासो सरांनी त्याला हाताशी धरून कामाला लावले त्याला आठ वर्षे झाली होती. दिवाळीला तो त्यांच्याकडे फराळाचा डबा पोचवत असे, नाताळात त्यांच्याकडून केक येई. भेट झाली की तो वाकून नमस्कार करी आणि ते "पुरे, पुरे, मॅन" म्हणत त्याचे खांदे धरून त्याला सरळ करीत. पण म्हटले होते का? तोंडाने, शब्दांत, कशाबद्दल ते सांगून? "अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेलाय," ज्युलिया म्हणाली, "बोलणंही तुटक झालंय. पण डोकं शाबूत आहे, आणि तेच वाईट. दिवसभर पडून एकच घोकत बसतात, आपला कोणाला काही उपयोग झाला नाही म्हणून. फादर येतात, समजावतात. काही फरक नाही. म्हणून मी त्यांच्या जुन्या पोरांना सांगतेय, फुलं नकोत, फळं नकोत, चार ओळी लिहून आणा, मी वाचून दाखवते. पण ऐका, फार गोड लिहू नका हं. परवा एकाने 'तुम्ही माझे देव' असं लिहून आणलं. डॅडींनी भिंतीकडे तोंड केलं ते जेवायलाही वळले नाहीत."

घरी येईपर्यंत सहदेवच्या मनात तो प्रश्न दातात अडकलेल्या तंतूसारखा राहिला. तो औषधांच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे तपासण्याच्या विभागात होता. वाफेच्या दाबाची गेजे, तापमापके, नोंदयंत्रे खरे बोलतात की नाही हे पाहणे हाच त्याचा धंदा. आणि हा धंदा त्याला ज्यांनी शिकवला त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट त्याच्या हाडात मुरली होती. कोलासो सर तपासणीच्या टेबलाशी उभे राहत. तेलातल्या पिस्टनवर ठरावीक वजने ठेवून गेजला नेमका दाब देत, आणि ती वजने बोटाने हलकेच फिरवत, कारण फिरती वजने तेलात अडकत नाहीत आणि दाब खरा दाखवतात. मग वाकून, डोळा काट्याच्या बरोबर समोर आणून, बोटाच्या सांध्याने काचेवर एक टिचकी मारत. घर्षणाने चिकटलेला काटा त्या टिचकीने जरासा सुटे आणि आपल्या खऱ्या जागी बसे. "आता वाच," ते म्हणत. सहदेव वाचे. काटा थोडा जास्त दाखवत असे, आणि त्याचा हात आपसूक स्क्रू-ड्रायव्हरकडे जाई. त्या हातावर कोलासो सरांची चापट पडे. "आधी लिही. मग हात लाव." कागदावर दोन रकाने असत, सापडले तेव्हाचा आकडा आणि सोडले तेव्हाचा आकडा. पहिला रकाना भरल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. "तू दुरुस्त केलंस, छान केलंस," ते समजावीत, "पण हे गेज कुठं बसलं होतं? निर्जंतुक करायच्या भट्टीवर. कालपर्यंत ते किती खोटं बोलत होतं हे तू लिहिलं नाहीस, तर कालपर्यंत त्या भट्टीतून निघालेल्या बाटल्यांचं काय करायचं? त्या कोणाच्या तरी शिरेत जाणार आहेत, मॅन. तुझ्या दुरुस्तीनं मागचं काही दुरुस्त होत नाही. उलट मागचं पुसलं जातं." नव्या पोरांकडून हीच चूक हमखास होई. यंत्र चुकलेले दिसले की त्यांना लाज वाटे, जणू ती त्यांचीच चूक. ते यंत्र घाईने सरळ करीत आणि मग दोन्ही रकान्यांत एकच स्वच्छ आकडा लिहून मोकळे होत. कोलासो सर कागद पाहताच ओळखत. इतके सारखे आकडे निसर्गात सापडत नाहीत, असे म्हणून ते कागद परत करीत.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर सहदेव कागद घेऊन खिडकीशी बसला. खिडकीतून समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसत होते आणि त्यापलीकडे डोंगराची, नॅशनल पार्कची, धुरकट हिरवी कड. त्याचे अक्षर वळणदार होते आणि भाषा बरी होती. त्यामुळे कारखान्यात कोणी निवृत्त झाले की मानपत्र त्यालाच लिहावे लागे, आणि त्या सवयीनेच त्याच्या हातून पहिला कागद भरला गेला. आपल्या कृपाछत्राखाली, माझ्या जीवनाचे शिल्पकार, ऋणातून उतराई होणे अशक्य. त्याने तो अनुपमाला वाचून दाखवला. त्याची बायको परडी मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सार्वजनिक गणपतीचा अहवाल वाटतो," ती म्हणाली. "शेवटी वर्गणीदारांचे आभार राहिले बघा." सहदेवला राग आला, आणि राग येता येता तिचे म्हणणे पटले. अशा वाक्यांत कोलासो सरांच्या जागी कोणाचेही नाव घालता आले असते. मागच्याच महिन्यात, कँटीनच्या कंत्राटदाराला निरोप देताना, त्याने स्वतःच ते घातले होते. मोठा शब्द लिहिला की माणूस लहान होतो असे त्याला वाटले. दोन्ही माणसे, लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो. मग काय लिहायचे? काय घडले ते लिहायचे. त्यांनी कधी, कुठे, नेमके काय सांगितले; आपण त्याचे काय केले; त्यातून काय झाले. सापडलो तेव्हाचा आकडा आणि सोडले तेव्हाचा आकडा. त्याने दुसरा कागद घेतला, आणि लिहिण्याआधी त्याला तो दिवस सबंध आठवावा लागला.

तो दिवस एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यानंतरचा. सहदेव तेव्हा उमेदवार होता. शिकाऊ म्हणून तुटपुंजा भत्ता, आणि प्रमाणपत्राची परीक्षा अजून वर्ष-दीड वर्ष लांब. त्याचे वडील धाकू परळच्या एका मिलमध्ये मागावर होते आणि त्यांच्या निवृत्तीची तारीख जवळ आली होती. मिलमध्ये रिवाज असा की म्हाताऱ्याच्या जागी त्याचा मुलगा चिकटवायचा. धाकूंनी ही जागा मनात शेतासारखी राखून ठेवली होती. "गावाक काय आसा आपला? काय नाय. ही एक जागा आसा," ते म्हणत. "थोरल्याचो मान पयलो. तुका नको तर धाकटो घेतलो." आणि सहदेवला ती हवी होती, पुढल्या महिन्यापासून पुरा पगार, शिवाय परीक्षेची धाकधूक नाही. त्याने कँटीनमध्ये कोलासो सरांना गाठले आणि काय करू म्हणून विचारले. त्यांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "मी सांगितलं म्हणून करशील तर उद्या मला शिव्या देशील. असं कर. चार रविवार पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती काप. तुझ्या कामाच्या वेगळ्या ठेव, मागाच्या वेगळ्या." सहदेवने कापल्या. चौथ्या रविवारनंतर त्याने त्या कँटीनच्या टेबलावर मांडल्या, तेव्हा उपकरणे तपासणाऱ्यांच्या कात्रणांची चळत होती, आणि मागवाल्यांचे एकही नव्हते. "म्हणजे मागवाले कोणाला नकोत असं नाही," कोलासो सर म्हणाले. "ती जागा बापाकडून मुलाकडे जाते, पेपरात येतच नाही. पण मग ती गेली तर दुसरी कुठून आणशील? हे गेलं तर तुझ्यापुढं एवढे कागद आहेत. मला एवढंच दिसतं. ठरवायचं तू." शिवाय त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि प्रमाणपत्रानंतरच्या मुलाखतीत त्याच गोष्टीने त्याला नोकरी मिळवून दिली. मुलाखत घेणाऱ्या इंजिनियरने एका नव्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या नियंत्रकाबद्दल विचारले, आणि सहदेवने तो पाहिलेला नव्हता. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण," कोलासो सरांनी बजावून ठेवले होते. "आपल्या धंद्यात अंदाज सांगायचा नसतो. तू अंदाज सांगतोस, आणि कोणीतरी त्या अंदाजावर वाफ सोडतो."

सहदेवने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, आणि मग अनुपमाला मोठ्याने वाचून दाखवू लागला. 'मी वडिलांची जागा घेतली नाही. ती माझ्या धाकट्या भावाने घेतली,' या वाक्यापाशी मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. दत्ताराम आत आपला वॉचमनचा युनिफॉर्म धूत होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा तो पक्का मागवाला होता; संप संपला असे कोणी कधी म्हटले नाही, पण मिल त्याच्यापुरती संपली. काही दिवस तो गावी गेला, परत आला, काही दिवस नाक्यावर उभा राहिला, काही दिवस प्यायला. वडील गेले तेव्हा पुरता शुद्धीवर नव्हता. त्याची ठरलेली सोयरीक मुलीकडच्यांनी गाजावाजा न करता मोडली. आता तो भावाच्या स्वयंपाकघरात झोपे आणि एका अर्ध्या बांधलेल्या इमारतीवर राखणीला जाई. ओल्या हातांनीच तो दारात येऊन उभा राहिला.

"माझं नाव कशाला घालतोस त्यात?"

"नाव नाही घातलं. भाऊ म्हटलंय."

"तुला काय दहा भाऊ आहेत? काढ ते."

"अरे, पण तसंच घडलं ना? खरंय ते."

"खरंय म्हणून सगळं लिहायचं असतं का रे? कोर्टात चाललायस काय?" दत्तारामने हात बनियनला पुसले. "म्हातारा बिछान्यावर पडलाय. त्याला सांगायचं, बाबा, तुझ्यामुळं एकाची गाडी लागली रुळाला, आणि दुसऱ्याची वाट लागली? हे तुझं थँक्यू? वहिनी, तुम्ही तरी सांगा याला."

अनुपमाने परडीतला एक खडा चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला. सहदेवने वाद घातला. वाद घालणे त्याच्या स्वभावात होते आणि मुद्दा त्याच्या बाजूला होता; पण दत्तारामच्या तोंडावर जे दिसत होते त्यात राग नव्हता, काहीतरी झाकून धरल्यासारखा ताण होता, आणि त्याच्यापुढे मुद्दा लंगडा पडला. त्याने ते वाक्य काढले. वाक्य काढल्यावर चिठ्ठी अधिक सुबक झाली. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि मनाला लागली, तरी त्याने चिठ्ठी स्वच्छ कागदावर उतरवली आणि घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी तो गोराईला गेला. ओहोटी होती. तरीची होडी धक्क्यापासून लांब लागली होती आणि लोक चिखलात टाकलेल्या दगडांवरून तोल सांभाळत चालले होते. खाडीला कुजट, खारट वास येत होता. कोलासोंचे घर चर्चच्या मागल्या आळीत होते. पुढे ओटा, ओट्यावर जाळी उसवलेली आरामखुर्ची, आत मेणबत्तीचा आणि औषधी तेलाचा मिसळलेला वास. कोलासो सर पलंगावर उशीला टेकवून ठेवले होते. 'ठेवले होते' हाच शब्द सहदेवच्या मनात आला आणि त्याला तो बदलता आला नाही. तोंडाची उजवी बाजू सैल पडली होती, तो डोळा अर्धा मिटलेला. डावा मात्र तसाच होता, कागद परत करणारा. ज्युलियाने खुर्ची ओढली आणि चिठ्ठी हातात घेतली, मग काय वाटले कोण जाणे, ती सहदेवला परत देत म्हणाली, "तुम्हीच वाचा. तुमच्या आवाजात ऐकू द्या." सहदेवने घसा खाकरला.

'प्रिय कोलासो सर, सप्रेम नमस्कार. हे मी पूर्वीच सांगायला हवे होते. एकोणऐंशी साली मी तुम्हाला विचारले होते की वडिलांची मिलमधली जागा घेऊ की कारखान्यात शिकत राहू. तुम्ही मला हो किंवा नाही म्हटले नाही. चार रविवार जाहिराती कापायला लावल्या आणि त्या माझ्यासमोर मांडून जे दिसते तेवढे सांगितले. त्यामुळे मी शिकत राहिलो. परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात पास झालो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे, हे तुमचे सांगणे मी मुलाखतीत पाळले आणि त्याच उत्तरावर मला घेतले, असे पुढे साहेबांनी स्वतः सांगितले. आज मी त्याच कामावर आहे. काम मोठे नाही, पण मला येते, आणि ते करताना मला भीती वाटत नाही. आता माझ्या हाताखाली दोन मुले आहेत. त्यांनी आकडा लिहिण्याआधी स्क्रूला हात घातला की मी चापट मारतो. ती चापट तुमची आहे. तुम्ही कँटीनमध्ये माझ्यासाठी जो वेळ काढलात तो तुमच्या जेवणाच्या सुट्टीतला होता, हे मला तेव्हा कळले नाही, आता कळते. मनापासून आभार. तुमचा, सहदेव.'

वाचून झाल्यावर खोलीत कोंबड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. तो आधीपासून होताच. कोलासो सरांच्या डाव्या डोळ्यात पाणी आले होते. ज्युलिया पदराने ते टिपायला वाकली, तेव्हा त्यांनी मान हलवून तिला थांबवले. मग चांगला हात सावकाश उचलून त्यांनी पलंगाच्या लाकडी कडेवर बोटाच्या सांध्याने टिचकी मारली. एकदा, आणि थोडे थांबून पुन्हा एकदा. काचेवर टिचकी मारून ते काटा त्याच्या जागी बसण्याची वाट पाहत, तशी ते वाट पाहत होते.

"दुसरा," ते म्हणाले. शब्द जड होता, कडा झिजलेला.

"बघा, हेच," ज्युलिया म्हणाली. "दिवसभर हाच शब्द. आम्हाला वाटलं माझा भाऊ, कुवेतला आहे तो. त्याचा फोटो दाखवला तर नाही म्हणतात."

"भाऊ," कोलासो सर सहदेवकडे पाहत म्हणाले. "तुझा. दुसरा."

"दत्ताराम?" सहदेव म्हणाला, आणि क्षणभर त्याच्या जिभेवर 'बरा आहे' हे शब्द तयार झाले, स्वच्छ, सुबक, दोन्ही रकान्यांत चालतील असे. "त्याची मिल गेली, सर. आता वॉचमन आहे. माझ्याकडेच असतो."

त्यांनी डोळा मिटला. मिटलेल्या डोळ्याने, शब्दाशब्दाला श्वास घेत, ते बोलले. मधे ज्युलियाने दोनदा पाणी पाजले. "आला होता. गेटवर. तुझा शर्ट घालून. मी घेऊ का जागा… विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. मागाचं मला… माहीत नाही." हात पलंगावरच चाचपडत होता. "म्हणायचं होतं… नको. एक शब्द. नको घेऊ. तेवढं म्हटलं नाही."

सहदेवला हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे एका छपराखाली राहून ठाऊक नव्हते. आपला चौकटीचा शर्ट घालून तो एकोणीस वर्षांचा पोरगा कारखान्याच्या गेटवर उभा राहिला होता. त्यालाही त्याच माणसाला विचारायचे होते. आणि त्याला कात्रणे नाहीत, कँटीन नाही, जे खरे होते ते दोन शब्द मिळाले होते. सर चुकले नव्हते. मागाचे त्यांना खरेच काही माहीत नव्हते, आणि ब्याऐंशीत काय होणार हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. हे सगळे सहदेवने त्यांना सांगितले. मुद्देसूद, एकामागून एक. कोलासो सर ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी मान भिंतीकडे वळवली. चिठ्ठी पांघरुणावर उघडी पडली होती. तिच्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि ती चुकीच्या माणसाने लिहिलेली होती.

संध्याकाळी तो घरी न जाता दत्तारामच्या कामावर गेला. बांबूच्या परांचीला टेकून दत्ताराम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. समोर वाळूचा ढीग, त्यावर एक कुत्रे. सहदेवने विचारले तेव्हा तो प्रथम हसला.

"म्हाताऱ्यानं सांगितलं होय? साला, एवढं लक्षात आहे त्याच्या."

"मला का नाही बोललास?"

"काय बोलू? तुझा सर मला माहीत नाही म्हणाला, असं? तू मोठा त्याचा लाडका." त्याने बिडी काढली, पेटवली नाही. "तेव्हा डोकं फिरलं होतं माझं. म्हटलं, भावाला चार-चार रविवार, आणि मला गेटवरनंच रस्ता. माहीत नाही म्हणे. घाबरला असेल, म्हटलं. मग मी बाकीच्यांना विचारत फिरलो. बाबांना माहीत होतं. युनियनवाल्याला माहीत होतं, पाच वर्षांत डबल पगार म्हणाला. चाळीतल्या मास्तरांना माहीत होतं. तूही म्हणालास, आठवतं? घे, दत्ता, झकास आहे, मी घेतली असती. सगळ्यांना माहीत होतं रे." त्याने बिडी पुन्हा खिशात टाकली. "संपात गावी बसलो होतो ना, तेव्हा मोजून काढलं. एवढ्या लोकांना विचारलं, त्यात खरं कोण बोललं? तो एकटा."

"मग माझ्या चिठ्ठीतून नाव का काढायला लावलंस?"

"तुझ्या चिठ्ठीत मी म्हणजे भोक होतो, भावड्या. खर्चात टाकलेला. तसा नाही मी जाणार म्हाताऱ्यासमोर."

सहदेवने खिशातून पॅड आणि पेन काढून पुढे धरले. दत्ताराम त्या पेनकडे इतका वेळ पाहत राहिला की सहदेवचा हात अवघडला. "मला लिहिता येतं काय त्याच्यासारखं," तो पुटपुटला. मग मांडीवर पॅड ठेवून, ओठ आवळून, पेन रोवून त्याने लिहिले, आणि वाचू न देता घडी करून दिले. "तूच ने. येत्या रविवारी माझी दिवसपाळी आहे."

गुरुवारी कोलासो सरांना दुसरा झटका आला. सहदेवला हे रविवारी, दारात उभ्या असलेल्या ज्युलियाच्या तोंडावरून कळले. तिला सांगावे लागले नाही. आत ते तसेच उशीला टेकलेले होते. डावा डोळा उघडा होता, आणि त्यात कागद परत करणारा कोणी दिसत नव्हता. "डॉक्टर म्हणतात, काही पोचत असेल तर असेल," ज्युलिया हळू आवाजात म्हणाली. "वाचा तुम्ही. आणलंय ना?" सहदेवने घडी उलगडली. अक्षर मोठे, पोरासारखे, ओळी उताराला लागलेल्या. तो कानाशी वाकला आणि वाचू लागला.

'कोलासो सर, मी सहदेवचा भाऊ दत्ताराम. मी गेटवर आलो होतो. मी जागा घेऊ का विचारलं. तुम्ही माहीत नाही म्हणालात. तेव्हा मला राग आला. पण ते खरं होतं. बाकी सर्वांनी माहीत आहे म्हणून सांगितलं. तुम्ही नको म्हणाला असता तरी मी घेतली असती, कारण बाबांना पाहिजे होतं. तुम्ही दुपारच्या उन्हात माझ्यासाठी गेटपर्यंत चालत आलात. त्याबद्दल आभारी आहे. दत्ताराम धाकू घाडी.'

सहदेव थांबला. कोंबड्या ओरडत होत्या. दूर कुठेतरी कोणी होडीच्या तळाला डांबर लावत होते, त्याचा वास येत होता. मग, आपण काय करतो आहोत हे कळण्याआधीच, त्याने बोटाच्या सांध्याने पलंगाच्या कडेवर एक हलकी टिचकी मारली आणि आपला डोळा त्या डोळ्याच्या बरोबर समोर आणून वाट पाहिली. पापणी हलली. ती टिचकीने हलली, त्याच्या श्वासाने हलली, की आपोआप हलली, हे तिथून दिसत नव्हते. ओठांचा डावा कोपरा किंचित वर होता. तो आधीपासून वर होता का, हे त्याने वाचायला बसण्यापूर्वी पाहून ठेवलेले नव्हते. इतक्या वर्षांच्या शिस्तीत, नेमकी हीच नोंद घ्यायची राहिली होती.

"ऐकलं त्यांनी, ना?" ज्युलियाने त्याचा दंड धरला होता. तिची बोटे गार होती. "हसले ना जरासे? तुम्ही जवळ होतात. तुम्हाला दिसलं असेल. हसले ना हो?"

हो म्हणणे किती सोपे होते. तिला त्या एका शब्दाने रात्रीची झोप मिळाली असती. घरी जाऊन तेच दत्तारामला सांगता आले असते, आणि त्या पोराच्या आयुष्यात निदान एक गोष्ट वेळेवर पोचली असे झाले असते. सहदेवने तिच्याकडे पाहिले, मग पुन्हा त्या उघड्या डोळ्याकडे.

"मला माहीत नाही, ज्युलिया," तो म्हणाला. आणि खुर्ची आणखी जवळ ओढून, चिठ्ठी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला.